त्वचाघडीवरून मुलांची चरबी: दर सत्रात टक्केवारी उड्या मारत असेल तर काय तपासावे

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यालगतच्या काही शाळांमध्ये आम्ही वर्षातून दोनदा, जूनच्या शेवटी आणि जानेवारीत, मुलांच्या दंडाच्या मागची आणि पोटरीच्या आतल्या बाजूची त्वचाघडी, म्हणजे चिमटीत उचललेल्या त्वचेची आणि तिच्याखालच्या चरबीची जाडी, कॅलिपरने मोजतो आणि तिच्यावरून शरीरातल्या चरबीची टक्केवारी काढतो. या कामात एक तक्रार इतक्या वेळा समोर आली आहे की तिचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. तक्रार अशी असते की मुलाच्या घडीत मिलिमीटरभराचाच फरक पडलेला असतो, वजनही साधारण अपेक्षेप्रमाणे वाढलेले असते, आणि तरीही तक्त्यातली चरबीची टक्केवारी मात्र अडीच-तीन अंकांनी खाली किंवा वर गेलेली दिसते. हे बहुधा अकरा ते चौदा या वयातल्या मुलग्यांच्या बाबतीत घडते आणि मुलींच्या बाबतीत क्वचितच.

हे शेवटचे वाक्य जपून ठेवावे, कारण निदानाचा धागा त्यातच आहे. मोजमाप चुकले असते तर चूक मुलगा-मुलगी पाहून आली नसती.

एक नोंद पूर्ण मांडतो. एका शाळेतल्या कबड्डी खेळणाऱ्या मुलाची जूनमधली दंडाची घडी ११.४ मिमी आणि पोटरीची १०.६ मिमी होती, म्हणजे बेरीज २२.० मिमी. जानेवारीत याच दोन जागा १०.८ आणि १०.० भरल्या, बेरीज २०.८ मिमी. शाळेच्या संगणकातल्या तक्त्याने जूनमध्ये त्याची चरबी २१.० टक्के दाखवली होती आणि जानेवारीत १८.३ टक्के. क्रीडाशिक्षकांनी त्याचे कौतुक केले, पण त्याच्या आईने मला गाठून विचारले, "सर, पोरगा पूर्वीसारखाच खातोय-पितोय, मग एवढी चरबी गेली कुठे?" प्रश्न रास्त होता. दोन्ही घड्या मिळून १.२ मिमीने कमी झाल्यावर चरबी २.७ अंकांनी उतरावी हे प्रमाण कोणत्याही नेहमीच्या सूत्रात बसत नाही.

पहिली चाचणी: घडी तीच ठेवा, बाकीचे रकाने बदला

मूल पुन्हा मोजण्याआधी तक्ता तपासावा, कारण त्याला पाच मिनिटे लागतात आणि बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. रिकाम्या ओळीत बेरीज २२.० मिमी येईल अशा दोन घड्या भराव्यात आणि मग एकेक करून वय, वयात येण्याचा टप्पा आणि लिंग हे रकाने बदलून पाहावेत. दंड आणि पोटरी यांचे सूत्र वापरले असेल तर उत्तर फक्त लिंग बदलल्यावर बदलले पाहिजे. टप्पा किंवा वय बदलल्यावर ते हलले, तर तक्त्यात दुसरेच काहीतरी घुसलेले आहे.

या शाळेच्या तक्त्यात टप्पा "वयात न आलेला" असताना २१.० आले, "वयात येत असलेला" असे केल्यावर १९.३ आणि "वयात आलेला" असे केल्यावर १७.२. घडी तीच, मूल तेच, आणि केवळ एका शब्दामुळे जवळजवळ चार अंकांचा फरक. जून ते जानेवारी या काळात त्या मुलाचा आवाज फुटू लागला होता म्हणून कोणीतरी प्रामाणिकपणे त्याचा टप्पा बदलला होता, आणि उतरलेल्या २.७ अंकांपैकी १.७ अंक त्या एका बदलातून आलेले होते.

ही स्थिरांकांची गल्लत कशी होते

मुलांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी ही सूत्रे स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये 'ह्यूमन बायोलॉजी' या नियतकालिकात मांडली. त्या एकाच लेखात दोन वेगळ्या जोड्यांची सूत्रे शेजारी-शेजारी आहेत आणि गल्लत तिथूनच सुरू होते. पहिली जोडी दंडाची मागची बाजू आणि खांद्याच्या फऱ्याखालची जागा ही आहे. दुसरी जोडी दंडाची मागची बाजू आणि पोटरी ही आहे. पहिल्या जोडीचे मुलग्यांसाठीचे सूत्र वक्र आहे, म्हणजे त्यात बेरजेचा वर्ग येतो, आणि बेरीज ३५ मिमीपर्यंत असेल तेव्हा शेवटी वजा करायचा स्थिरांक मुलाच्या टप्प्याप्रमाणे बदलतो: मूळ अभ्यासातल्या गोऱ्या मुलांसाठी तो वयात येण्यापूर्वी १.७, वयात येताना ३.४ आणि नंतर ५.५ असा आहे. मुलींच्या सूत्रात मात्र सगळ्या टप्प्यांना एकच स्थिरांक आहे. टप्प्याचा रकाना बदलल्यावर फक्त मुलग्यांच्याच टक्केवारीत उडी का दिसत होती, याचे उत्तर इथे मिळते.

दुसऱ्या जोडीचे, म्हणजे आपण वापरतो त्या दंड-पोटरीचे सूत्र सरळ रेषेचे आहे आणि सगळ्या टप्प्यांना एकच आहे:

```
मुलगे:  % = 0.735 × (दंड + पोटरी) + 1.0
मुली:   % = 0.610 × (दंड + पोटरी) + 5.1
```

तक्ता बनवणाऱ्याने टप्प्याचे स्थिरांक पाहिले, "मुलांसाठी टप्प्याप्रमाणे दुरुस्ती हवी" हे तत्त्व त्याला योग्यच वाटले, आणि त्याने पहिल्या जोडीच्या सूत्रात फऱ्याखालच्या घडीच्या जागी पोटरीची घडी घातली. पहिल्या नजरेला उत्तर अगदी खरे वाटते, कारण १५ ते २५ टक्क्यांच्या मधला कोणताही आकडा शाळकरी मुलाच्या बाबतीत कोणालाही खटकत नाही. खरे सूत्र लावल्यावर त्या मुलाची चरबी जूनमध्ये १७.२ आणि जानेवारीत १६.३ टक्के येते, म्हणजे बदल ०.९ अंकाचा.

याच चुकीची आणखी एक खूण आहे, आणि जाड घडी असलेल्या मुलांमध्ये ती ठळक दिसते. पहिल्या जोडीत बेरीज ३५ मिमीच्या पुढे गेली की वक्र सूत्र सोडून दुसरे, सरळ सूत्र लागते. वयात न आलेल्या मुलग्याची बेरीज बरोबर ३५ मिमी असेल तर वक्र सूत्राने ३०.८ टक्के येतात, आणि बेरीज नाममात्र पुढे सरकताच सरळ सूत्राने २९.० येतात, वयात आलेल्या मुलग्यात हेच उलटे होऊन २७.० वरून २९.० वर उडी जाते. तेव्हा ३४ आणि ३६ मिमी बेरजेच्या दोन मुलांमध्ये जाड घडीच्या मुलाची चरबी कमी दिसत असेल, तर पोटरीची घडी फऱ्याखालच्या सूत्रात टाकली गेली आहे असे बहुधा खात्रीने म्हणता येते.

मग वयाची दुरुस्ती नेमकी कुठे असते?

दंड-पोटरीच्या सूत्रात टप्पा नाही याचा अर्थ वाढीच्या वयाचा त्यात विचारच झाला नाही असा होत नाही. विचार झाला तो सूत्र बेतताना झाला. लहान मुलाच्या शरीरातला चरबीविरहित भाग प्रौढांच्या भागासारखा नसतो. त्यात पाण्याचे प्रमाण जास्त आणि हाडांतल्या खनिजांचे कमी असते, त्यामुळे त्याची घनता प्रौढांसाठी गृहीत धरलेल्या १.१०० या आकड्यापेक्षा कमी भरते. प्रौढांचे गृहीतक तसेच लावले तर ही कमी घनता चरबीच्या खात्यात जमा होते आणि सडसडीत मूलही जाड दिसू लागते. स्लॉटर यांच्या गटाने म्हणूनच तुलनेसाठी केवळ पाण्याखालच्या वजनातून काढलेली घनता न घेता शरीरातले पाणी आणि हाडांतले खनिजही मोजून चरबी ठरवली. दंड आणि पोटरीच्या सरळ सूत्राचे गुणक अशा रीतीने आधीच दुरुस्त केलेल्या चरबीवर बसवलेले आहेत. त्यावर टप्प्याचा स्थिरांक पुन्हा लावणे म्हणजे एकाच खर्चाची पावती दोनदा जोडण्यासारखे आहे.

दुरुस्ती हाताने करावी लागते ती दुसऱ्या वाटेने गेल्यावर, म्हणजे घड्यांवरून आधी शरीराची घनता आणि मग घनतेवरून चरबी काढली तर. प्रौढांसाठी त्या दुसऱ्या पायरीला सिरी यांचे सूत्र सर्रास वापरतात. लोहमन यांनी मुलांच्या वयोगटांसाठी त्यातले आकडे बदलून दिले आहेत; खाली D म्हणजे शरीराची घनता:

```
प्रौढ (सिरी):        % = 495 / D − 450
मुलगे 7 ते 12 वर्षे:   % = 530 / D − 489
मुलगे 13 ते 16 वर्षे:  % = 507 / D − 464
```

एखाद्या मुलाची घनता १.०५० भरली असे धरू. सिरी यांच्या सूत्राने त्याची चरबी २१.४ टक्के येते, आणि तो बारा वर्षांचा असेल तर लोहमन यांच्या आकड्यांनी १५.८ टक्के. हा साडेपाच अंकांचा फरक मुलाच्या शरीरात नसून निव्वळ गृहीतकात आहे. व्यायामशाळेतल्या यंत्रातून किंवा प्रौढांच्या तक्त्यातून आलेला आकडा शाळेच्या आकड्याशी जुळत नाही अशी तक्रार असेल, तर बहुतेक वेळा कारण हेच निघते.

या वाटेचीही स्वतःची एक उडी आहे आणि मी तिला तेराव्या वाढदिवसाची उडी म्हणतो. घनता १.०५० च राहिली तरी मुलाला तेरा पूर्ण झाल्या दिवशी १५.८ चे १८.९ टक्के होतात, कारण वयोगटाचे आकडे पायरीने बदलतात आणि शरीर मात्र पायरीने पिकत नाही. टक्केवारी वर गेली असेल आणि मधल्या काळात मुलाला तेरा पूर्ण झाली असतील, तर तक्त्यात ५३०, ४८९, ५०७ किंवा ४६४ हे आकडे कुठे लपले आहेत का ते शोधावे. उडी खाली असेल आणि टप्पा बदलला असेल तर १.७, ३.४ आणि ५.५ शोधावेत. दोन्ही एकाच तक्त्यात सापडल्याची उदाहरणेही मी पाहिली आहेत, आणि तेव्हा दोन चुका एकमेकींना झाकून टाकतात.

तक्त्याची दुरुस्ती

आम्ही आता टप्प्याचा रकाना नोंदवहीत ठेवतो, पण सूत्राला जोडत नाही. लिंग C रकान्यात, दंड D मध्ये आणि पोटरी E मध्ये असेल तर सूत्र असे लिहावे:

```
=IF(C2="M",0.735*(D2+E2)+1,IF(C2="F",0.61*(D2+E2)+5.1,"तपासा"))
```

शेवटचा "तपासा" हा शब्द शोभेचा नाही. पूर्वीच्या तक्त्यात "मुलगा नसेल तर मुलगी" अशी रचना होती, त्यामुळे लिंग भरायचे राहिले किंवा M ऐवजी "मु" लिहिले गेले की ते मूल गुपचूप मुलींच्या सूत्रात जात असे. ही चूक उत्तरावरून ओळखणे अवघड असते, कारण दोन्ही रेषा सुमारे ३३ मिमी बेरजेवर एकमेकींना छेदतात आणि त्याच्या आसपास दोन्ही सूत्रे जवळपास तेच उत्तर देतात. बेरीज १२ मिमी असलेल्या सडपातळ मुलाला मात्र ९.८ च्या जागी १२.४ टक्के मिळतात.

सूत्र बरोबर असूनही आकडा हलत असेल तर

मुलग्यांच्या बेरजेतला प्रत्येक मिलिमीटर टक्केवारीत ०.७ अंकाहून थोडा जास्त मोजला जातो. म्हणून सूत्र ठीक असल्याची खात्री झाल्यावर लक्ष मोजमापाकडे वळवावे, आणि इथे किनाऱ्यावरचे काही दोष डोंगरापलीकडच्या शाळांना कदाचित माहीतही नसतील.

पहिला दोष कॅलिपरच्या सांध्याचा. खाऱ्या हवेने चार महिन्यांत बिजागरीवर गंज धरतो आणि जबडे पूर्ण दाबाने मिटत नाहीत. चांगला कॅलिपर जबड्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे १० ग्रॅम इतका एकसारखा दाब देतो. सांधा अडकला की तोच दाब कमी पडतो आणि घडी जाड वाचली जाते. ही चूक वर्गातल्या प्रत्येक मुलात एकाच दिशेने येते, म्हणून जानेवारीत कोरड्या हवेत सगळा वर्ग "बारीक" झालेला दिसला तर आधी कॅलिपर पाहावा. १० आणि २० मिमी जाडीचे पक्के ठोकळे जबड्यात धरून काटा तपासणे आवश्यक आहे, पण ते पुरेसे नाही, कारण ठोकळा दाबला जात नाही आणि दाबातला दोष लपून राहतो. आम्ही त्यासोबत एका फोमच्या तुकड्यावर ठरावीक जागी खूण करून तोच तुकडा दरवेळी मोजतो. फोम मऊ असल्यामुळे दाब कमी झाला की आकडा लगेच वाढतो. तुकडा बंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवावा आणि वर्षाने बदलावा. कॅलिपर मात्र मध्येच बदलू नये. लँग बनावटीचा कॅलिपर साधारणपणे हार्पेंडेनपेक्षा जाड आकडा दाखवतो, आणि जूनमध्ये एक व जानेवारीत दुसरा वापरला तर तुलनेला अर्थ उरत नाही.

दुसरा दोष पोटरीच्या जागेचा. ही घडी पोटरीच्या सर्वांत जाड भागाच्या पातळीवर, आतल्या बाजूला, उभी धरायची असते. मुलाचा पाय स्टुलावर ठेवून गुडघा काटकोनात वाकलेला आणि पोटरी सैल हवी. शाळेतल्या एकाच उंचीच्या बाकावर पाचवीच्या मुलाचा गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकतो आणि नववीच्या मुलाचा कमी, आणि ताणलेल्या पोटरीवर घडी नीट उचलताच येत नाही. आम्ही बाकावर ठेवायला लाकडाच्या दोन फळ्या करून घेतल्या आहेत. पावसात दुसरी अडचण मोज्यांची असते: ओल्या मोज्याचे रबर नेमके पोटरीच्या जाड भागाखाली रुतून वळ पडलेला असतो, आणि त्या वळाच्या आसपासची घडी खोटी पातळ लागते. मोजे आणि गमबूट उतरवल्यावर वळ मावळेपर्यंत थांबावे; तोवर दंड मोजून होतो.

दंडाची जागा खांद्याच्या टोकाचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर असते. मध्य शोधताना कोपर काटकोनात वाकवून टेप लावायचा आणि मोजताना हात सैल लोंबत ठेवायचा, एवढे पाळले तरी बरेच भागते. घामाने चिंब त्वचा बोटांतून निसटते आणि खेळून आल्यावर त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढून घडी थोडी फुगते, म्हणून मोजणी खेळाच्या तासाआधी ठेवावी. डोक्यावरून ओघळलेले खोबरेल तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

आकडा वाचण्याची वेळ ठरलेली असावी. कॅलिपर पूर्ण सोडल्यापासून दोन सेकंदांनी वाचा किंवा चार सेकंदांनी; दोन्ही पद्धती प्रचलित आहेत, पण दोन मोजणाऱ्यांनी दोन वेगळ्या पद्धती वापरल्या तर ऊती दबत जाऊन आकडा उतरतच असल्यामुळे चार सेकंदांनी वाचणाऱ्याचे सगळे आकडे कमी येतात. बाजू उजवी, आणि ती कायम उजवीच.

बदल खरा आहे का, हे ठरवण्याचे गणित

वरचे सगळे पाळल्यानंतर तोच मोजणारा तेच मूल अर्ध्या तासाने पुन्हा मोजतो तेव्हाही आकडे तंतोतंत जुळत नाहीत. हा उरलेला गोंधळ किती आहे हे आधी माहीत असले पाहिजे. आम्ही प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला दहा मुलांचा दंड दोनदा मोजतो, दुसऱ्या वेळी पहिले आकडे झाकून. गेल्या सत्रातले फरक मिलिमीटरमध्ये ०.४, ०.२, ०.६, ०, ०.८, ०.४, १.०, ०.२, ०.६ आणि ०.४ असे होते. या फरकांच्या वर्गांची बेरीज २.९२ होते, तिला मुलांच्या संख्येच्या दुपटीने, म्हणजे २० ने भागून वर्गमूळ काढले की ०.३८ मिमी ही तांत्रिक चूक मिळते. सरासरी घडी १०.८ मिमी असताना ती साडेतीन टक्के होते, आणि पाच टक्क्यांच्या आतली चूक शाळेतल्या मोजणीला चालण्यासारखी असते. पोटरीत आमची चूक ०.५ मिमी होती, जास्तच, आणि ती नेहमीच जास्त येते.

दोन्ही जागा मिळून बेरजेतली चूक ०.६३ मिमी होते (दोन चुकांचे वर्ग मिळवून वर्गमूळ). बदल म्हणजे दोन मोजण्यांमधले अंतर असल्यामुळे हिला १.४१ ने गुणावे लागते, आणि १०० पैकी ९५ वेळा खात्री हवी असेल तर पुन्हा १.९६ ने. उत्तर सुमारे १.७ मिमी येते, टक्केवारीत जवळजवळ १.३ अंक. त्या कबड्डीपटू मुलाचा खरा बदल १.२ मिमी आणि ०.९ अंक होता, म्हणजे मोजणीच्या गोंधळातच बसणारा. त्याच्या आईला मी हेच सांगितले: तक्त्याने दाखवलेली घट मुळात झालेलीच नव्हती, आणि जी थोडी झाली तीही झाली असे म्हणता येत नाही.

हे गणित करताना एक गोष्ट मिसळू नये. सूत्राची स्वतःची अंदाजाची चूक, म्हणजे एखाद्या मुलाची खरी चरबी आणि सूत्राने सांगितलेली चरबी यांतले नेहमीचे अंतर, साधारण साडेतीन ते चार अंकांचे आहे. त्यामुळे "याची चरबी १७.२ टक्के आहे" या विधानाचा अर्थ बहुधा १३ ते २१ च्या दरम्यान कुठेतरी असाच घ्यावा लागतो. तेच मूल पुन्हा मोजताना या चुकीचा मोठा भाग दोन्ही वेळी सारखा राहतो, म्हणून बदल पाहायला सूत्र उपयोगी पडते. दोन वेगळ्या मुलांची तुलना करताना ती सवलत मिळत नाही. संघनिवडीत १६ आणि १८ टक्क्यांमध्ये रेघ ओढू नये, यामागे हेच कारण आहे.

जेव्हा घडी खरोखरच बदलते

आता उरतो तो प्रसंग ज्यात तक्ता बरोबर आहे, कॅलिपर स्वच्छ आहे आणि बेरीज १.७ मिमीपेक्षा जास्त उतरली आहे. तेरा-चौदाच्या मुलग्यात हे बऱ्याचदा दिसते आणि त्याचा आहाराशी संबंध असेलच असे नाही. उंची झपाट्याने वाढू लागते तेव्हा मुलग्यांच्या हातापायांवरची चरबी पातळ होत जाते, पण फऱ्याखालची घडी त्या काळात सहसा उतरत नाही, उलट हळूहळू वाढतच राहते. दंड आणि पोटरी दोन्ही हातापायांवरच्या जागा आहेत. त्यामुळे वयात येणाऱ्या मुलग्यात हे सूत्र चरबीची घट प्रत्यक्षापेक्षा मोठी दाखवू शकते. सूत्राच्या आतली दुरुस्ती पाणी आणि खनिज यांच्यासाठी आहे, चरबी हातापायांवरून धडाकडे सरकते यासाठी नाही.

आपल्याकडच्या मुलांत हा मुद्दा जास्त जाचतो. पुण्याजवळच्या गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने केलेल्या अभ्यासात तिथली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच हलकी असूनही त्यांच्या फऱ्याखालची घडी त्या मानाने फारच कमी घटलेली आढळली होती. हातपाय काडीसारखे आणि चरबी धडावर, ही ठेवण शाळकरी वयातही भेटते, आणि अशा मुलाला दंड-पोटरीचे सूत्र निश्चिंतपणे "सडपातळ" म्हणून टाकते. स्लॉटर यांचे सूत्र ज्या ३१० जणांवर बेतले ते ८ ते २९ वर्षांचे अमेरिकेतले गोरे आणि काळे मुलगे-मुली व तरुण होते. त्यात वयात न आलेल्या मुली केवळ १६ होत्या. चौथीतल्या मुलींचे आकडे मी म्हणूनच पालकांना टक्केवारीत सांगत नाही, घडीच्या मिलिमीटरमध्ये सांगतो.

यावर आम्ही केलेला उपाय साधा आहे. फऱ्याखालची घडीही मोजतो, पण तिची टक्केवारी काढत नाही. फक्त फऱ्याखालची घडी भागिले दंडाची घडी हा भागाकार शेजारच्या रकान्यात ठेवतो. बेरीज उतरताना भागाकार तसाच राहिला तर चरबी सगळीकडून कमी होते आहे, आणि बेरीज उतरताना भागाकार चढला तर ती हातापायांवरून गेली आहे, धडावरून गेलेली नाही. दंड-पोटरीच्या आकड्याला या दुसऱ्या प्रसंगी "घट" असे नोंदवहीत लिहीत नाही.

टप्प्याची नोंद मात्र हवीच, कारण हा भागाकार वाचताना ती लागते. शाळेत त्यासाठी मुलांची शारीरिक तपासणी करू नये. ते काम डॉक्टरांचे, पालकांच्या संमतीने आणि गरज असेल तेव्हाच. हजेरीपटासोबत ठेवलेल्या उंचीच्या नोंदी पुरतात. वयात येण्यापूर्वी मूल वर्षाला ५ ते ६ सेंटीमीटर वाढते, आणि ऐन भरात मुलगे साधारण ९ तर मुली ८ सेंटीमीटरपर्यंत जातात. जून ते जानेवारी या सात महिन्यांत एखाद्या मुलग्याची उंची साडेचार-पाच सेंटीमीटरने वाढली असेल तर तो भरात आहे असे धरावे. त्या कबड्डीपटूची ५.१ सेंटीमीटरने वाढली होती. त्याचा भागाकार जूनमध्ये ०.७० होता, जानेवारीत ०.७६ भरला, आणि नोंदवहीत त्याच्या नावासमोर आता "घट" ऐवजी "उंचीचा भर, जूनमध्ये तीन जागा पुन्हा" एवढेच लिहिले आहे.